दाखल्यांच्या यादीबाहेरची मुले

रायपूर शहरातून बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की भनपुरी लागते. लोखंडाच्या रोलिंग मिल, गोदामे, मालमोटारींच्या रांगा आणि त्यांच्या मागे कामगारांच्या वस्त्या असे या भागाचे रूप आहे. छत्तीसगडच्या खेड्यांतून, ओडिशातून, बिहारमधून तसेच आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडून आलेली माणसे इथे एका भिंतीआड राहतात. निवृत्तीनंतर मी रायपुरातच स्थायिक झालो. दोनतीन वर्षांपूर्वी या भागातल्या एका धार्मिक न्यासाचे विश्वस्त माझ्याकडे आले. त्यांची तक्रार अशी होती की, "साहेब, आम्ही गरीब विद्यार्थ्यांसाठी तीस शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. पैसे बाजूला काढून ठेवले. पण पात्र असे अकराच अर्ज आले. इथे गरजू मुलेच राहिली नाहीत असे दिसते. मग हा पैसा सभामंडपाच्या फरशीला वापरावा काय?"

भनपुरीत गरजू मुले नाहीत, हे विधान ऐकून मी त्यांना एवढेच म्हणालो की, तुमची जाहिरात मला दाखवा.

एका पानाची ती हिंदी सूचना मंदिराच्या भिंतीवर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लागली होती. अर्जाची मुदत पंधरा दिवसांची. पात्रतेच्या अटी चार : विद्यार्थी अकरावी, बारावी, आयटीआय किंवा पदविकेच्या वर्गात शिकणारा असावा, मागील परीक्षेत किमान ७५ टक्के गुण असावेत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपेक्षा कमी असावे, आणि विद्यार्थी छत्तीसगडचा मूळ निवासी असावा. त्याखाली कागदपत्रांची यादी होती. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, निवासी दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, आधार, शिधापत्रिका, गुणपत्रिका, शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र, आई-वडिलांचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र आणि बँकेच्या पासबुकाची प्रत. सर्व प्रती राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलेल्या असाव्यात, अशी टीप शेवटी होती.

वाचताना मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. हा मसुदा ओळखीचा होता. आम्ही सरकारी खात्यांत आयुष्यभर हेच लिहीत आलो. विश्वस्तांपैकी कोणीतरी एक शासकीय जाहिरात समोर ठेवून, खात्याच्या नावाच्या जागी देवाचे नाव घातले होते. या लेखात मला मांडायचे आहे ते एवढेच : सरकारवर जी बंधने आहेत त्यांपैकी बहुतेक धार्मिक न्यासावर नाहीत, आणि तरीही न्यास सरकारची यादी उतरवून घेतो, तेव्हा सरकारी योजनेच्या जाळीतून जी मुले गळून पडतात तीच मुले त्याच्याही जाळीतून गळतात.

प्रथम न्यासावर खरोखरच कोणती बंधने आहेत ते पाहू. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. छत्तीसगडात तसे वेगळे कार्यालय नाही. तिथे १९५१ चा मध्य प्रदेशाचा सार्वजनिक न्यास कायदा राज्य वेगळे झाल्यावरही चालू राहिला आणि त्यानुसार जिल्हाधिकारी हाच न्यासांचा निबंधक असतो. प्रत्यक्षात हे काम बहुधा उपविभागीय अधिकारी पाहतो. मीही एके काळी ते पाहिले आहे. या कायद्याला तीन गोष्टी हव्या असतात : न्यासाच्या दस्तऐवजात जो उद्देश लिहिला आहे त्यासाठीच पैसा खर्च व्हावा, हिशेब ठेवून त्यांची तपासणी व्हावी आणि मालमत्ता परस्पर विकली जाऊ नये. म्हणून शिष्यवृत्ती जाहीर करण्यापूर्वीचे पहिले पाऊल म्हणजे आपला न्यासलेख उघडून वाचणे. त्यात केवळ पूजाअर्चा आणि उत्सव एवढेच लिहिले असेल, तर शिक्षणावर खर्च करण्याआधी निबंधकाकडे जाऊन मार्ग विचारावा. या न्यासाच्या लेखात "दीनदुबळ्यांस साहाय्य व विद्यादान" असे शब्द होते. तेवढे पुरेसे होते.

दुसरे बंधन आयकराचे. १९६१ च्या आयकर कायद्याने दोन कुंपणे घातली. न्यासाचा पैसा विश्वस्तांच्या किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या फायद्यासाठी वापरला, तर करसवलत धोक्यात येते. आणि त्या कायद्यानंतर स्थापन झालेला धर्मादाय न्यास एकाच धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्या लाभासाठी असेल, तरीही ती सवलत मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या न्यासांना मात्र हा नियम लावला नव्हता. म्हणून "फक्त आमच्या पंथाच्या मुलांसाठी" ही ओळ घालण्यापूर्वी लेखापालाला विचारावे, एवढे मी विश्वस्तांना सांगितले. त्यांनी ती ओळ घातली नव्हती, हे त्यांचे श्रेय.

आता यादीकडे पाहा. मूळ निवासी दाखला, तहसीलदाराचा दाखला, प्रतिज्ञापत्र, साक्षांकन यांपैकी एकही गोष्ट वरच्या दोन कायद्यांपैकी कोणी मागितलेली नाही. ती न्यासाने स्वतःहून ओढवून घेतली होती.

याचा परिणाम काय होतो, ते मला त्याच वस्तीतल्या एका मुलीवरून कळले. विश्वस्तांनी अपात्र ठरवलेल्या अर्जांचा गठ्ठा मागितला, तेव्हा तिचा अर्ज वरच होता. तिचे वडील गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यातून आलेले, एका मिलमध्ये ठेकेदाराकडे कामाला. आई दोनतीन घरी पोळ्या करते. मुलगी सहावीपासून रायपुरात शिकलेली, आता अकरावी वाणिज्य शाखेत. दहावीला ७८ टक्के गुण. म्हणजे गुणांच्या अटीतून ती सुटली होती. अडली ती कागदांत, आणि तेही एका ठिकाणी नाही.

या कुटुंबाची शिधापत्रिका देवरीची आहे. एक देश एक शिधापत्रिका योजनेमुळे त्यांना धान्य रायपुरात मिळते, त्यामुळे ती इकडे बदलून घेण्याचे कारणच उरले नाही. सोय झाली खरी, पण पत्त्याचा पुरावा महाराष्ट्रातच राहिला. खोली भाड्याची, भाडेकरार तोंडी, विजेचे बिल घरमालकाच्या नावाचे. रायपूरच्या तहसील कार्यालयात उत्पन्नाचा दाखला मागितला, तेव्हा इथल्या पत्त्याचा पुरावा आणा असे उत्तर मिळाले. वडील सुटी काढून गावी गेले, तेव्हा तलाठी म्हणाला, "तुम्ही इथे राहत नाही, कमावतही नाही, तुमचे उत्पन्न मी कशावरून लिहू?" दोघेही आपापल्या नियमाने बरोबर होते. माणूस मात्र दोन तहसिलींच्या मधल्या रेल्वेरुळावर उभा होता.

जातीच्या दाखल्याची कथा याहून कठीण. अनुसूचित जातीचा दाखला देताना कुटुंब १० ऑगस्ट १९५० रोजी कोणत्या राज्यात राहत होते हे पाहिले जाते. पुढे स्थलांतर केलेल्या कुटुंबाला नव्या राज्यात त्या जातीचे आरक्षण मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव यांच्या प्रकरणात दिला. केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसुद्धा विद्यार्थी ज्या राज्याचा आहे ते राज्य देते, राहत्या ठिकाणचे नव्हे. म्हणजे या मुलीला सरकारी शिष्यवृत्ती हवी असेल, तर ती महाराष्ट्राकडून. आणि त्यासाठीचा उत्पन्नाचा दाखला काढायला तोच तलाठी. परराज्यात राहणाऱ्या हजारो मराठी मजूर कुटुंबांची हीच स्थिती आहे. सुस्थितीत असलेल्या आपल्यासारख्या वाचकांना ती सहसा दिसत नाही, कारण आपल्याला दाखल्यांची गरज क्वचित पडते.

तिसरी अडचण तर निव्वळ मराठीपणाची. आधार गावी काढलेले, त्यावर आपल्या पद्धतीने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. रायपूरच्या शाळेत फक्त नाव आणि आडनाव, वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात. त्यात आपला 'ळ' हिंदीत आला की बहुधा 'ल' होतो. वडिलांच्या नावातला गोपाळ गुणपत्रिकेत गोपाल झालेला. छाननी करणाऱ्या स्वयंसेवकाने लाल शाईने शेरा मारला होता : "नाम में अंतर". त्याच्यापुढे आलेल्या कागदांपुरते तेही खरेच होते.

ही मुलगी अपात्र. तीस जागांपैकी एकोणीस रिकाम्या. आणि विश्वस्तांचा निष्कर्ष, इथे गरजू नाहीत.

उत्पन्नाच्या मर्यादेबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण त्यात माझाही वाटा आहे. १ लाख रुपये हा आकडा कोणीतरी फार पूर्वी ठरवला आणि तो एका जाहिरातीतून दुसरीत उतरत राहिला. साधा हिशेब करून पाहा. रोज ४०० रुपये मजुरी धरली आणि महिन्याला २६ दिवस काम मिळाले, तर वर्षाचे १ लाख २४ हजार ८०० रुपये होतात. म्हणजे घरातला एकच माणूस नियमित कामावर जात असेल आणि तो खरे सांगत असेल, तर त्याचे मूल अपात्र. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादाही अडीच लाख आहे. सरकारपेक्षा कठोर मर्यादा ठेवून न्यास दान करायला निघाला होता.

अशा मर्यादेत बसतो कोण? ज्याचे उत्पन्न खरोखर शून्याजवळ आहे तो. आणि ज्याला दाखला "बसवून" घेता येतो तो. तहसिलीत काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. योजनेची मर्यादा जेवढी, तिच्या किंचित खालचा आकडा दाखल्यावर येतो. एका गठ्ठ्यातले वीस दाखले पाहिले आणि त्यांपैकी पंधरांवर एकच गोल आकडा दिसला, तर चौकशी झालेली नाही हे समजावे. तरुणपणी जूनच्या गर्दीत असे गठ्ठेच्या गठ्ठे मी सह्या करून मोकळे केले आहेत. तक्रार आली नाही, चौकशीही झाली नाही. आज वाटते की, त्यात ज्यांनी खरा आकडा सांगितला त्यांचेच नुकसान माझ्या सहीने झाले असेल. न्यासाकडे आलेल्या अकरा पात्र अर्जांतही सात दाखल्यांवर एकच आकडा होता. मी विश्वस्तांना तो दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

सरकार दाखला का मागते, याचे कारण समजून घेतले पाहिजे. सरकारला लाखो अर्जदारांपैकी कोणालाच ओळखता येत नाही. एका जिल्ह्यातला कारकून दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलाचे घर पाहू शकत नाही. म्हणून त्याला कागदावर विश्वास टाकावा लागतो. मंदिराची गोष्ट उलटी आहे. ज्या तीस मुलांना पैसे द्यायचे ती देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. कोणाच्या घरी कोण कमावते, कोणाचा बाप मिलमध्ये हात गमावून घरी बसला आहे, हे संध्याकाळच्या आरतीला येणाऱ्यांना माहीत असते. हे ज्ञान सरकारला कितीही खर्च करून मिळत नाही. ते हाताशी असताना न्यासाने तहसीलदाराकडून कागद मागवावा, हे मला उफराटे वाटते.

आपल्याकडे धर्मादाय पैशातून विद्येला मदत देण्याची जी सर्वांत मोठी व्यवस्था होऊन गेली, तीत कागद नव्हता. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवलेली श्रावणातली दक्षिणा ही ती व्यवस्था. विद्वान शास्त्र्यांपुढे बसून परीक्षा द्यायची आणि योग्यतेप्रमाणे दक्षिणा घ्यायची, असा तिचा मूळ हेतू. पण पात्रता ब्राह्मणांपुरती बांधलेली होती, आणि उत्तर पेशवाईत गर्दी वाढत गेली तशी परीक्षा ढिली होऊन ते नुसते दानवाटप झाले. इंग्रजी अंमल आल्यावर रकमेवर मर्यादा पडली. १८४९ साली लोकहितवादींसारख्या सुधारकांनी या पैशाचा उपयोग मराठी ग्रंथांसाठी व्हावा असा अर्ज केला, पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली, आणि त्याच निधीतून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दक्षिणा फेलोशिप मिळू लागल्या. न्यायमूर्ती रानडे अशाच एका फेलोशिपवर शिकले. या इतिहासातून मला दोन गोष्टी दिसतात. धर्माच्या पैशाची पात्रता कोणी तरी विचारपूर्वक बदलली की तो पैसा कितीतरी पुढे जातो. आणि ओळखीवर चाललेल्या निवडीला जर कोणी प्रश्न विचारणारा नसेल, तर ती बिघडते.

ही दुसरी गोष्ट विश्वस्तांनीच माझ्यापुढे ठेवली. एक जण म्हणाले, "साहेब, दाखला नको म्हणता. मग उद्या लोक म्हणतील की विश्वस्तांनी आपल्या माणसांना वाटले. दाखला असला की आमच्यावर बोट येत नाही." हा आक्षेप खरा आहे आणि तो दाखल्याच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद आहे. दाखला गरिबी सिद्ध करत नाही. तो निवड करणाऱ्याचे संरक्षण करतो. म्हणून दाखला काढून टाकायचा असेल, तर त्या संरक्षणाची दुसरी व्यवस्था करावीच लागते. आम्ही तीन बैठका याच मुद्द्यावर घालवल्या.

ठरले ते असे. प्रत्येक अर्जदाराच्या घरी दोन जण जातील. त्यांपैकी एक न्यासाचा आणि एक बाहेरचा, शक्यतो जवळच्या शाळेतली शिक्षिका किंवा निवृत्त शिक्षक. दोघे वेगवेगळे गुण देतील आणि गुणांत मोठा फरक पडला, तर तिसरा माणूस जाईल. कोणत्याही विश्वस्ताच्या किंवा भेट देणाऱ्याच्या नात्यातले मूल अर्ज करणार नाही. पाहायच्या गोष्टी छापील असतील : खाणारी तोंडे किती, कमावणारे किती, काम रोजचे की ठेक्याचे, खोली भाड्याची की स्वतःची, घरात दीर्घ आजार आहे काय, एकट्या आईवर घर आहे काय. उत्पन्नाचा एकच आकडा न धरता ते माणशी किती पडते हे पाहायचे, कारण दीड लाखांत तीन माणसे राहणे आणि सहा माणसे राहणे यांत फार अंतर आहे. मजुरीची पावती, कामगार विमा कार्ड किंवा ठेकेदाराची चिठ्ठी असली तर पाहायची, नसली तर अडायचे नाही.

गुणांची अटही बदलली. ७५ टक्के ही अट गुणवत्ता पारितोषिकाला शोभते. जी मुलगी संध्याकाळी आईबरोबर कामाला जाते, तिला ५५ टक्के मिळवायला किती कष्ट पडतात, हे टक्केवारी सांगत नाही. उत्तीर्ण होणे आणि वर्गात नियमित हजर असणे, एवढेच पुरे मानले.

आधारची सक्ती काढली. खाजगी संस्थांना आधार मागण्याचा जो आधार कायद्यात होता, तो सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केला. पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीनंतरही ते स्वेच्छेनेच द्यायचे आहे. ओळखीसाठी शाळेचे ओळखपत्र पुरते. साक्षांकनही काढले. केंद्र सरकारने स्वतःच दहा वर्षांपूर्वी स्वयंसाक्षांकन मान्य केले असताना, मजुराने राजपत्रित अधिकारी शोधत का फिरावे?

यानंतर नवी सूचना तयार झाली. मूळ ती हिंदीत आहे; तिचे मराठी रूप खाली देतो. इतरत्रच्या एखाद्या न्यासाला किंवा मंडळाला ती उपयोगी पडली तर त्यांनी खुशाल घ्यावी.

"कोणासाठी : भनपुरी व लगतच्या वस्त्यांत किमान एक वर्ष राहणारे आणि अकरावी, बारावी, आयटीआय किंवा पदविकेत शिकणारे विद्यार्थी. जात, धर्म, मूळ राज्य यांची अट नाही. मागील परीक्षा उत्तीर्ण असावी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आमचे प्रतिनिधी घरी येतील.

काय मिळेल : वर्षाला ८,००० रुपये, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता जुलैत, दुसरा जानेवारीत.

कागद : मागील गुणपत्रिकेची प्रत. चालू वर्षाचे शाळेचे बोनाफाईड किंवा प्रवेशाची पावती. शाळेचे ओळखपत्र किंवा ओळखीचा दुसरा कोणताही कागद. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बचत खात्याच्या पासबुकाची प्रत. विद्यार्थ्याने स्वतः सही केलेल्या प्रती चालतील. नावाच्या लिहिण्यात फरक असल्यास अर्जातच एक ओळ लिहून सही करावी. वेगळे प्रतिज्ञापत्र नको.

अर्ज : १ मेपासून मंदिराच्या कार्यालयात संध्याकाळी सहा ते नऊ आणि रविवारी दिवसभर विनामूल्य मिळेल. लिहिता येत नसल्यास तिथेच लिहून दिला जाईल. अर्ज देताना क्रमांकाची पावती अवश्य घ्यावी. शेवटची तारीख १५ जून. निकाल लागला नसल्यास गुणपत्रिका नंतर द्यावी.

पुढे : कागद कमी असल्यास आठ दिवसांत फोनने कळवले जाईल; त्यासाठी अर्ज फेटाळला जाणार नाही. १६ ते ३० जून घरभेटी होतील. ५ जुलै रोजी निवडलेल्या अर्जांचे क्रमांक फलकावर लागतील. निवड न झाल्यास कारण लेखी मिळेल. हरकत १५ जुलैपर्यंत न्यासाबाहेरच्या सदस्याकडे द्यावी. रक्कम फक्त खात्यात जमा होईल. या कामासाठी कोणी पैसे मागितल्यास विश्वस्तांना कळवावे."

काही ओळींमागची कारणे सांगतो. मुदत मे-जूनची ठेवली, कारण इकडे शाळा जूनच्या मध्यात उघडतात आणि प्रवेशाची रक्कम तेव्हाच भरावी लागते. ऑगस्टमध्ये जाहीर झालेली शिष्यवृत्ती त्या कर्जाचे व्याज फेडायला कामी येते. कार्यालयाची वेळ संध्याकाळची, कारण दिवसा आलेल्या मजुराची रोजी बुडते. खाते विद्यार्थ्याचे स्वतःचे. दहा वर्षांवरील मुलांना आपले बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच बँकांना दिली आहे. मात्र वर्षानुवर्षे व्यवहार न झालेली खाती निष्क्रिय होतात आणि त्यात पाठवलेली रक्कम परत येते, म्हणून अर्ज घेतानाच पासबुकावरची शेवटची नोंद पाहायची असे ठरले. फलकावर नावांऐवजी क्रमांक, कारण गरिबीची यादी देवळाच्या भिंतीवर टांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. धनादेश वाटपाचा समारंभही त्याच कारणाने रद्द केला. यावर मात्र दोन विश्वस्त नाराज झाले. फोटो छापून आला की देणगीदार वाढतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. शेवटी हिशेबाचे एक पान छापून देणगीदारांना पाठवावे, यावर तडजोड झाली.

पुढच्या वर्षी चौऱ्याहत्तर अर्ज आले. तीस देता आल्या, चव्वेचाळीस नाकाराव्या लागल्या. म्हणजे न्यासाची अडचण संपली नाही, उलटी झाली. घरभेटीतही चूक झाली. एका घरात नवा मोठा टीव्ही पाहून मुलाला कमी गुण दिले गेले. हरकतीच्या वेळी कळले की तो मामाने दिलेला होता आणि वडील सहा महिन्यांपासून कामावर नव्हते. ती निवड दुरुस्त झाली, कारण नकाराचे कारण लेखी होते आणि ते वाचून आईला हरकत घेता आली. दाखल्यावरचा आकडा चुकीचा असता तर तिला कोणाकडे जाता आले असते, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला.

देवरीची ती मुलगी त्या वर्षी बारावीत होती. तिचे नाव यादीत आले. अकरावीची फी आईने कामाच्या घरून आगाऊ पैसे घेऊन भरली होती आणि ती रक्कम अजून महिन्याच्या पगारातून कापली जात होती. मागच्या वर्षीचे पैसे मिळतील काय, असे आईने विचारले. न्यासाच्या नियमात तशी तरतूद नव्हती, आणि अपवाद करू नये असा सल्ला मीच दिला होता. नियम म्हणून तो सल्ला आजही मला बरोबर वाटतो. पण आमच्या एका पानाच्या चुकीची किंमत त्या बाईने वर्षभर पोळ्या लाटून फेडली, हेही तितकेच खरे आहे.

महाराष्ट्राबाहेर जिथे जिथे आपली मंडळे, देवळे आणि गणेशोत्सव आहेत, तिथे बहुतेक ठिकाणी असा एखादा निधी असतो आणि त्याची एखादी सूचना असते. ती पुन्हा एकदा काढून वाचावी. प्रत्येक कागदापुढे एक प्रश्न लिहावा : हा कागद आपल्याला कोणत्या कायद्याने मागायला लावला आहे? उत्तर सापडले नाही, तर तो कागद कोणत्या मुलाला दाराबाहेर ठेवत आहे, याची चौकशी आपल्याच गल्लीत करावी. त्यासाठी तहसिलीत जावे लागत नाही.